पहिला ट्रायल तास ठरवताना विषय, वेळ आणि फी पालकांना आधी कशी सांगावी? (नाशिक, दहावी गणित)

तिसरी_घंटा · मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहते. गणितात बीएस्सी, मग बीएड. गेल्या वर्षीपासून मुलांच्या घरी जाऊन गणिताच्या शिकवण्या घेते. शिकवायला मला जमतं, पण पहिल्या तासाआधी पालकांशी जे बोलायचं असतं ते अजिबात जमत नाही.

गेल्या वर्षी काय झालं ते आधी सांगते. एका घरून फोन आला, "या ना एकदा, मुलाला बघा, मग बाकीचं ठरवू." गेले. एक तास धरून गेले होते, पण उठेपर्यंत पावणेदोन तास झाले. चहा आला, मुलगा म्हणाला मॅडम छान शिकवतात, आणि मग आई म्हणाल्या, "किती घ्याल?" तोपर्यंत घरातली सगळी माणसं भोवती बसलेली. तोंडातून निघून गेलं, "तीन हजार." "रोज याल ना?" त्याला मी हो म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात तास दीड तासाचा झाला, कारण मुलाचा गृहपाठ राहिलेला असायचा. तिसऱ्या आठवड्यात "आलाच आहात तर विज्ञानाचं पण जरा बघा." दिवाळीपर्यंत ओढलं आणि सोडलं. त्या मुलाचं वाईट वाटतं अजून, ऐन सहामाहीनंतर मी निघाले.

आता पाथर्डी फाट्याहून एका ताईंचा फोन आलाय. मुलगा दहावी सेमीला, गणिताची भीती. त्या म्हणतात, "शनिवारी डेमो घ्या, फीचं नंतर बोलू, तुम्ही काय परक्या आहात का?" बाई मनाने चांगल्या वाटल्या. पण मला या वेळी सगळं आधी बोलायचंय. काय आणि कसं लिहून पाठवू, की उद्धट वाटणार नाही?

---

मखमलाबादकर · मंगळवार, रात्री १०:०५

ताई, मी सात वर्षं शिकवण्या घेतोय, सरळ सांगतो. पहिला तास फुकटच ठेवा. पैसे मागितले की पालक दुसऱ्याकडे जातात, गल्लीगल्लीत शिकवणारे बसलेत. आणि फी महिन्याची सांगा, तासाची नको. तासाचा दर ऐकला की लोकांना रिक्षाचं मीटर आठवतं. आठवड्याला तीन दिवस म्हणजे महिन्याचे बारा तास, एक गोल आकडा सांगायचा आणि विषय संपवायचा.

---

जेलरोड_दुसरीगल्ली · मंगळवार, रात्री १०:३१

माझी मुलगी चौथीत आहे, इंग्रजी माध्यम. तिला सगळ्या विषयांसाठी घरी येणारी मॅडम हवी आहे. तुम्ही जेलरोडला याल का? फी किती? शनिवारी डेमो चालेल.

---

तिसरी_घंटा · मंगळवार, रात्री १०:४४

@जेलरोड_दुसरीगल्ली, मी फक्त आठवी ते दहावीचं गणित घेते आणि इंदिरानगरहून जेलरोड संध्याकाळी मला झेपणार नाही. तिकडच्या कुणाला माहीत असेल तर कळवते.

@मखमलाबादकर, फुकट तास ठेवायला माझी ना नाही. पण मागच्या वेळी तोच तर फुकट होता आणि तोच पावणेदोन तास चालला.

---

फळा_खडू · बुधवार, सकाळी ६:५०

पंचवटीत राहतो. एकवीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन गणित शिकवलं, आता गुडघ्यांमुळे मुलंच माझ्याकडे येतात. सावकाश लिहितो, धाग्याला घाई नाही.

बाई, तुमच्या मागच्या वर्षीच्या तीन हजारांचा आधी हिशेब करू. रोज म्हणजे रविवार सोडून, महिन्याचे साधारण २६ दिवस. तीन हजाराला २६ ने भागा, तासाला ११५ रुपये. मग तास दीड तासाचा झाला, म्हणजे महिन्याचे ३९ तास. आता तासाला ७७ रुपये. जाण्यायेण्याचा वेळ यात धरलेलाच नाही. तुम्ही फी कमी केली नव्हती, ती वेळेतून गळत गेली. त्या घरच्यांनी तुम्हाला फसवलं असंही मी म्हणणार नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की तास साठ मिनिटांचा आहे आणि विषय एकच आहे.

म्हणून फी एकटी सांगायची नसते. कोणता विषय, किती मिनिटं, आठवड्यातून किती वेळा आणि त्याचे किती रुपये, हे चारही एका दमात सांगायचं. एक जरी मोकळं सोडलं तरी बाकीच्या तिघांना अर्थ राहत नाही.

आणि ते ट्रायलच्या आधी. नंतर का नाही, तर नंतर फी सांगितली की घासाघीस रकमेवर होत नाही, ती तुमच्यावर होते. "मुलाला आवडल्या हो, पण जरा जास्त सांगतायत." पालकांचीही कोंडी होते. पोरगं खूश झालेलं असतं आणि आकडा घरच्या बजेटबाहेरचा निघाला तर त्याला नाही कसं म्हणायचं? आधी कळलं असतं तर त्यांनी फोनवरच सांगितलं असतं, आणि तुमची चक्करही वाचली असती.

---

गंगापूररोडची_आई · बुधवार, दुपारी १:१५

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. माझी मोठी मुलगी मागच्या वर्षी दहावीला होती, तिच्यासाठी चार ट्रायल घेतल्या. फळा_खडू सरांचं शेवटचं अगदी खरं. एका सरांचा तास तिला इतका आवडला की रात्री जेवताना तेच बोलत होती, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फीचा जो आकडा सांगितला तो आम्हाला शक्य नव्हता. मुलीला समजावताना मला फार जड गेलं.

दुसरी गोष्ट. चारांतले तीन जण स्वतःच्या आवडीचा धडा शिकवून गेले. छानच शिकवला, पण तो तिला येतच होता. ज्या बाई आम्ही शेवटी ठेवल्या, त्यांनी आदल्या दिवशी मेसेज करून विचारलं होतं की शाळेत या आठवड्यात काय चालू आहे आणि ती कुठे अडते. आमच्या दृष्टीने तिथेच निम्मं ठरलं होतं.

पैशांचं म्हणाल तर त्या एका तासाचे १५० रुपये त्यांनी घेतले होते. मला त्याचं काही वाटलं नाही. पण माझ्या जावेला वाटलं असतं, हेही खरं.

---

मखमलाबादकर · बुधवार, दुपारी २:०२

गंगापूर रोडला चालत असेल. सातपूर-अंबडकडे कंपनीत शिफ्ट करणारी माणसं आहेत, ती ट्रायलचे पैसे देणार नाहीत. मी अर्धा तास फुकट देतो, घड्याळ लावून. अर्ध्या तासात पालकांना काय बघायचं ते दिसतं.

---

फळा_खडू · बुधवार, संध्याकाळी ७:३०

मखमलाबादकर, अर्धा तास घड्याळ लावून फुकट हे मला मान्य आहे, कारण त्यात वेळ ठरलेली आहे. फुकट की पैसे घेऊन, यावर मी वाद घालणार नाही, दोन्ही करून पाहिलंय. पूर्वी मी काही घेत नसे. नंतर एका तासाची नाममात्र रक्कम घ्यायला लागलो आणि शिकवणी सुरू झाली तर पहिल्या फीमधून ती वजा करायचो. मला त्याचा फायदा दिसला तो एवढाच, की नुसतं बघू म्हणून बोलावणारे कमी झाले. पण चार चांगली घरं त्यामुळे सुटली असतील तर ती मला कळणारही नाहीत.

तुमच्या "तीन दिवस म्हणजे महिन्याचे बारा" यावर मात्र बोलतो. वर्षाचे ५२ आठवडे, गुणिले तीन, १५६ तास. बारा महिने गुणिले बारा, १४४. फरक बारा तासांचा, म्हणजे तुमच्याच मोजणीने वर्षातला एक अख्खा महिना बिनफीचा. सोमवार-बुधवार-शुक्रवार घेत असाल आणि ३१ दिवसांचा महिना सोमवारी सुरू झाला, तर त्यात १४ तास बसतात. हमखास बारा फक्त २८ दिवसांच्या फेब्रुवारीत येतात.

म्हणून मी महिन्यावर मोजत नसे. बारा तासांची फी. बारा तास पुरे झाले की फी, मग ते २६ दिवसांत होवोत की ३५. मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर बारा चौकोन आखायचे, तास झाला की तारीख आणि घरातल्या कुणाचीही सही. "या महिन्यात तुमचे दोन दिवस बुडाले" हे वाक्य मला नंतर कधी ऐकावं लागलं नाही.

---

मखमलाबादकर · बुधवार, रात्री ८:१०

सर, गणित बरोबर आहे तुमचं, १५६ मी कधी काढले नव्हते. पण सुट्ट्या धरा ना. गणपतीत चार दिवस, दिवाळीत आठवडा, मुलगा आजारी, लग्नसराई. जातातच दहा-बारा तास. आणि महिन्याची फी असली की दिवाळीच्या महिन्यातही पूर्ण मिळते. तुमच्या चौकोनांत नोव्हेंबरची फी डिसेंबरात जाते. घरभाडं तर एक तारखेलाच द्यावं लागतं.

---

फळा_खडू · बुधवार, रात्री ८:२५

हे खरं आहे. एकट्याच्या कमाईवर घर असेल तर तुमची पद्धत जास्त सोयीची. फक्त सुट्ट्यांचं काय ते पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

---

रानफूल७ · बुधवार, रात्री ९:००

मध्येच विचारते, माफ करा. मी एका अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी दोन मुलांना घरी जाऊन शिकवलं तर चालतं का? ट्रायलचं हे सगळं माझ्याही उपयोगाचं आहे.

---

फळा_खडू · बुधवार, रात्री ९:१२

नाही बाई. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ बघा. शाळेत नोकरीत असलेल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला त्यात सरळ मनाई आहे. कुणी काहीही सांगो, त्या वाटेला जाऊ नका.

---

सोमेश्वर_सायकल · गुरुवार, सकाळी ११:२०

मी नवीनच सुरू केलंय, एक अनुभव सांगतो. मागच्या महिन्यात एकाने फोन केला, मुलीला शिकवायचंय म्हणाला. विषय विचारला नाही, मुलगी कितवीत ते नीट सांगितलं नाही, मी सांगितलेली फी लगेच मान्य. "ट्रायलचे आणि पहिल्या महिन्याचे आत्ताच पाठवतो, तुम्ही फक्त मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका." सुदैवाने बहीण शेजारी होती, तिने हात धरला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. ज्याला मुलाविषयी एकही प्रश्न नाही त्या पालकापासून सावध राहा.

---

तिसरी_घंटा · गुरुवार, दुपारी ३:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून मेसेज लिहिला. माझा दर तासाला ३५० रुपये धरलाय. हा योग्य आहे की नाही यावर खूप विचार केला. इंदिरानगर ते पाथर्डी फाटा स्कूटीवर जायला यायला मिळून अर्धा तास, म्हणजे एका तासासाठी माझा दीड तास जातो. त्याखाली आले तर मी पुन्हा मागच्या वर्षीसारखी चिडेन आणि मुलाला मध्येच सोडेन, ते नको. मेसेज असा:

"नमस्कार ताई, मी काल फोनवर बोलले ती गणिताची शिक्षिका. बोलणं झालं ते एकदा लिहून पाठवते, म्हणजे दोघींच्या लक्षात राहील.

मी दहावी सेमीचं गणित घेते, भाग १ आणि भाग २ दोन्ही. विज्ञान किंवा इतर विषय मी घेत नाही.

पहिला तास शनिवारी संध्याकाळी ५:३० ते ६:३०, तुमच्या घरी. या तासाचे २०० रुपये. शिकवणी सुरू झाली तर ते पहिल्या फीमधून वजा होतील.

पुढे सुरू केल्यास आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी एक तास. बारा तासांची फी ४,२०० रुपये.

शनिवारी त्याची शाळेची गणिताची वही आणि नववीची वही असेल तर ती काढून ठेवायला सांगाल का? शाळेत सध्या कोणता धडा चालू आहे तेही कळवा. तास चालू असताना तुम्ही किंवा घरातलं कुणी मोठं घरी असावं. शेवटची दहा मिनिटं मला तुमच्याशी बोलायचं आहे.

नंतर दोघांनी विचार करून सोमवारपर्यंत मला हो किंवा नाही कळवलंत तरी चालेल. नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही."

"इतर विषय मी घेत नाही" हे तोडून टाकल्यासारखं वाटतं का?

---

गंगापूररोडची_आई · गुरुवार, संध्याकाळी ५:०५

मला नाही वाटत. उलट असं लिहिणाऱ्या बाई गणितातल्याच आहेत असा विश्वास वाटतो. "नाही म्हणालात तरी राग येणार नाही" हे फार बरं केलंत. आम्ही तीन शिक्षकांना नाही कळवायचं टाळत राहिलो, शेवटी कळवलंच नाही. ते वाईट झालं.

एक बदल सुचवते. त्याला कशाची भीती वाटते हे त्यालाच विचारून कळवा, असं लिहा. आया आपलंच सांगतात. माझी मुलगी भूमितीत कच्ची आहे असं मी चारही जणांना सांगितलं होतं, ती अडायची बीजगणितात.

---

फळा_खडू · गुरुवार, रात्री ८:४०

मेसेज चांगला आहे, पाठवा. आता साठ मिनिटांचं सांगतो.

पहिली दहा मिनिटं फक्त वही बघा. काय लिहिलंय ते नाही, काय खोडलंय ते. फळ्यावरून उतरवलेली गणितं सगळ्यांच्या वहीत बरोबरच असतात. घरी सोडवलेलं एखादं शोधा. मग त्याला त्याच धड्यातलं एक गणित तुमच्यासमोर करायला द्या आणि तोंड बंद ठेवा. तो अडला तरी मिनिटभर थांबा. हे सगळ्यात अवघड असतं, कारण बाहेर आई ऐकत असते आणि आपल्याला शिकवून दाखवायचं असतं. पुढे अर्धा तास, जिथे तो चुकला तेवढंच शिकवा. अख्खा धडा घ्यायला जाऊ नका. मग दहा मिनिटं तशाच जातीचं दुसरं गणित त्याने एकट्याने करायचं. ते सुटलं तर तास कामाला आला.

आईला शेजारी बसवू नका. मूल उत्तर देण्याआधी आईच्या तोंडाकडे बघतं. हॉलमध्ये, दार उघडं, ऐकू जाईल इतक्या अंतरावर असलेलं बरं. तुमच्या दृष्टीनेही बरं.

शेवटच्या दहा मिनिटांत आईला सांगायचं ते वहीत बोट ठेवून सांगा. "हुशार आहे पण चंचल आहे" असं बोलू नका, ते प्रत्येक घरी खपतं. आणि "किती मार्क आणून द्याल" असं विचारलं, विचारतातच, तर आकडा देऊ नका. चार आठवड्यांत काय घेणार ते सांगा. दहावीला ४० आणि ४० चे दोन पेपर, २० अंतर्गत. त्या ८० मधलं आज त्याला काय येतं हे तुम्हाला एका तासात कळलेलं नसतं, मग शेवटी किती मिळतील ते कुठून कळणार?

आणखी एक. फी कमी करा म्हणतील. दर कमी करू नका, तास कमी करा. तीनऐवजी दोन दिवस. दर एकदा खाली आला की परत वर जात नाही, दिवस मात्र वाढवता येतात. पुढे चाचणीच्या आधी ते स्वतःच वाढवून मागतात.

---

सोमेश्वर_सायकल · गुरुवार, रात्री ९:१५

सर, वर्गसमीकरण चालू असेल तर कुठे बघायचं? माझ्याही एका मुलाचं तेच चाललंय.

---

फळा_खडू · गुरुवार, रात्री ९:३०

चिन्हांत. अवयव पाडताना नाही, पाडून झाल्यावर. बाई शनिवारी बघतीलच.

---

तिसरी_घंटा · शनिवार, रात्री १०:२०

जाऊन आले. नीट सांगते, कारण इथल्या सगळ्यांनी वेळ दिलाय.

मेसेजला ताईंचं उत्तर तासाभरात आलं होतं, "बरं झालं लिहिलंत, ह्यांनाही दाखवला." शाळेत वर्गसमीकरणंच चालू होती. पाऊस होता म्हणून दहा मिनिटं आधी निघाले, वेळेवर पोचले.

मुलगा गप्प. वही सुंदर, अक्षर मोत्यासारखं, एकही खाडाखोड नाही. म्हणजे काहीच कळेना. मग सरांनी सांगितल्याप्रमाणे एक गणित दिलं आणि गप्प बसले. x² + 8x − 48 = 0. त्याने १२ आणि ४ पटकन शोधले, चिन्हंही बरोबर लावली, (x + 12)(x − 4) = 0 इथपर्यंत एकही चूक नाही. आणि खाली लिहिलं, x = 12 किंवा x = −4.

मला लगेच सांगायचं होतं. जीभ चावली. म्हटलं, "तुझं १२ समीकरणात टाकून बघ बरं." त्याने मांडलं, 144 + 96 − 48. उत्तर १९२ आलं. पेन थांबलं. मी काही बोलले नाही. मग त्याने स्वतःच −12 टाकून पाहिलं, 144 − 96 − 48, शून्य. वर बघून म्हणाला, "म्हणजे कंसातलं चिन्ह उत्तर नसतं?" तासाभरातलं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य. त्याला इतके दिवस वाटत होतं की कंसात दिसणारी संख्या हेच उत्तर. कंस शून्य का धरतात हे त्याने ऐकलं असेल, पण त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मग तेवढंच घेतलं. अर्ध्या तासात पाच समीकरणं झाली, प्रत्येक उत्तर परत टाकून बघायचं. शेवटची दोन त्याने एकट्याने केली, दोन्ही बरोबर.

सव्वासहाला वडील कामावरून आले. ताईंना वहीतलं ते पहिलं उत्तर आणि खालचं १९२ दाखवलं. त्यांना गणित कळलं नाही, पण मुलगा कुठे चुकत होता ते कळलं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मग वडील म्हणाले, "आमच्या सोसायटीत एक जण सगळे विषय साडेतीन हजारात घेतो. तुम्ही एका विषयाचे बेचाळीसशे." मागच्या वर्षी मी इथेच घसरले असते. या वेळी आकडा आधीच त्यांच्या फोनमध्ये होता, त्यामुळे मला तो पहिल्यांदा उच्चारावा लागला नाही. म्हटलं, "दर मला कमी करता येणार नाही. आठवड्यातून दोन दिवस ठेवू, आठ तासांचे २,८००. घटक चाचणीनंतर वाटलं तर तिसरा दिवस वाढवू." ते आत जाऊन ताईंशी बोलले. मी साडेसहाला उठले. ताईंनी दोनशे रुपये हातात दिले.

सोमवारपर्यंतची मुदत होती, पण आत्ता साडेनऊला त्यांचा फोन आला. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा.

---

मखमलाबादकर · शनिवार, रात्री १०:४०

अभिनंदन ताई. दोनशे मिळाले हे वाचून मी जरा विचारात पडलोय. फी आगाऊ घेताय की नंतर?

---

तिसरी_घंटा · शनिवार, रात्री १०:५८

तिथे थोडं अडलं. मी आगाऊ म्हटलं, ते म्हणाले आठ तास झाल्यावर. मध्यावर आलो. दोनशे वजा जाता २,६०० राहतात, त्यातले १,३०० चौथ्या तासाला आणि १,३०० आठव्याला. बरोबर केलं का माहीत नाही, पण दोघांना चाललं.

---

फळा_खडू · रविवार, सकाळी ६:३५

चालेल. मी पुढे पुढे आगाऊ घ्यायला लागलो होतो, पण ती ओळख झाल्यावर. पहिल्या घराला चौथा तास ठीक आहे. वहीत आठच चौकोन आखा आता.

---

गंगापूररोडची_आई · रविवार, दुपारी १२:१०

वाचून फार बरं वाटलं. एक राहिलंय, ते मंगळवारीच बोलून घ्या. त्यांच्याकडून तास रद्द झाला तर? आमच्याकडे वर्षभर त्यावरूनच कुरबुर होती. पाहुणे आले म्हणून मी साडेचारला कळवायचे आणि बाई तोपर्यंत घरातून निघालेल्या असायच्या.

---

तिसरी_घंटा · रविवार, दुपारी १२:४५

हे डोक्यातच आलं नव्हतं. दुपारी तीनच्या आत कळवलं तर तास पुढे ढकलायचा, त्यानंतर कळवलं तर तो झाला असं धरायचं. माझ्याकडून रद्द झाला तर त्याच आठवड्यात भरून द्यायचा. दोन्ही बाजूंचं एकाच मेसेजमध्ये आज संध्याकाळी पाठवते. मुलगा अचानक तापाने पडला तर तीनची अट लावायची की नाही, हे मात्र मला ठरवता येत नाहीये. तुम्ही आई म्हणून काय म्हणाल?